पोलिसांनी जबाबाला बोलावलं तर: कुठे बोलणं भाग आहे, कुठे थांबता येतं आणि गप्प राहण्याचा अर्थ काय

धुळे-जळगावच्या कोर्टांत फौजदारी कामं करताना दोन प्रकारची माणसं माझ्यासमोर नेहमी येतात. पहिला ठाण्यातून फोन आला की घाबरून पळतो आणि शेताच्या मळ्यात चार दिवस लपतो. दुसरा म्हणतो, "आपण काही केलं नाही, मग घाबरायचं कशाला?" तो जातो, चहा घेतो आणि तीन तास मोकळेपणाने बोलून येतो. केस उभी राहते तेव्हा दोघांचंही नुकसान झालेलं असतं. पहिल्याचं नुकसान तो हजर झाला नाही म्हणून होतं, दुसऱ्याचं तो कुठे थांबायचं हे ठरवून गेला नाही म्हणून.

या लेखात एकच प्रसंग धरला आहे. पोलिसांनी आधी साक्षीदार म्हणून बोलावलं आणि बोलता बोलता प्रश्नांचा रोख तुमच्याकडेच वळला. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

उदाहरण असं समजा. शिरपूर तालुक्यात रस्त्याकडेला भंगाराचं दुकान चालवणारा एक तरुण आहे. आजूबाजूच्या शेतांतून विहिरींवरच्या मोटारींच्या तांब्याच्या तारा चोरीला गेल्या आहेत. दुकानात दोन अनोळखी पोरांनी २८ किलो तांब्याची तार आणून दिली आणि या तरुणाने ती ४५० रुपये किलोने, म्हणजे १२,६०० रुपयांना घेतली. बाजारात तेव्हा भाव ७०० च्या आसपास होता. पावती नाही, पोरांच्या आधार कार्डाची झेरॉक्स नाही. महिनाभराने हवालदार दुकानावर येतो आणि म्हणतो, "उद्या ठाण्यात ये, साहेबांना जरा माहिती हवी आहे."

## टप्पा १: कोणत्या कलमाखाली बोलावलं आहे ते आधी बघा

"जरा माहिती हवी आहे" हे बोलावणं झालं, नोटीस झाली नाही. नम्रपणे सांगा, "साहेब, मी येतो, लेखी नोटीस द्या." १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात दोन वेगवेगळी बोलावणी आहेत आणि दोघांचे अर्थ वेगळे आहेत.

कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराला जाते. तुम्हाला या गुन्ह्याची काही माहिती असावी असं तपासी अंमलदाराला वाटतं, एवढाच तिचा अर्थ. ती लेखीच हवी. ती फक्त त्या ठाण्याच्या किंवा त्याला लागून असलेल्या ठाण्याच्या हद्दीत असणाऱ्या माणसाला काढता येते. म्हणून रावेरच्या माणसाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरकडच्या ठाण्याची अशी नोटीस येऊ शकते, पण धुळ्याच्या माणसाला सुरतहून आलेली कलम १७९ ची नोटीस हद्दीबाहेरची ठरते. तरी ती फाडून टाकू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर पाठवा.

कलम ३५(३) ची नोटीस संशयिताला जाते. तुमच्यावर दखलपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय आहे, पण आत्ता अटकेची गरज वाटत नाही, म्हणून हजर राहा, असं ती सांगते. ती पाळणं बंधनकारक आहे. तुम्ही ती पाळत राहिलात तर त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. करायचीच असेल तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. उलट तुम्ही ती पाळली नाही, तर अटकेचं कारण तुम्ही स्वतःच पुरवलेलं असतं.

तपासून घ्या: नोटिशीवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, ठाण्याचं नाव, तारीख-वेळ आणि अधिकाऱ्याची सही आहे का? पोच देताना तारखेसोबत वेळही लिहा आणि लगेच फोटो काढून ठेवा.

सावधान: कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअपवर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण ती आलीच तर दुर्लक्ष करू नका. वकिलाला घेऊन ठाण्यात जा आणि रीतसर प्रत मागा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसला आणि "घराबाहेर पडू नका, पैसे भरा" म्हणाला तर ती पोलिसांची चौकशी नव्हे, फसवणूक आहे. फोन ठेवा.

घरात वयस्कर माणसं असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर कोणत्याही वयाच्या स्त्रीला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या माणसाला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. जुन्या कायद्यात हे वय ६५ होतं, त्यामुळे काही ठिकाणी अजून जुनंच सांगितलं जातं. स्वतःहून यायची तयारी असेल तर येता येतं, पण सक्ती नाही.

## टप्पा २: काय सांगायचं आणि कुठे थांबायचं हे घरी ठरवा

ठाण्याच्या बाकावर बसून हा निर्णय नीट होत नाही. आदल्या दिवशी वकिलासमोर सगळं खरं सांगा, अवघड वाटतं तेही. फी परवडत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यांचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

वकिलाने तुमच्यासोबत प्रश्नांचे दोन ढीग करायला हवेत. त्यामागचा नियम असा आहे.

साक्षीदाराला कलम १८० प्रमाणे पोलिसांच्या प्रश्नांची खरी उत्तरं देणं भाग आहे. त्याला एकच अपवाद आहे. ज्या उत्तरामुळे त्याच्या स्वतःवर फौजदारी आरोप येण्याची, दंड होण्याची किंवा मालमत्ता जप्त होण्याची शक्यता आहे, ते उत्तर देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. आरोपीसाठी याहून वरचं संरक्षण संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे: कोणत्याही अपराधाच्या आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हा हक्क फक्त कोर्टातल्या पिंजऱ्यापुरता नाही, तो पोलीस चौकशीतही लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या नंदिनी सत्पथी प्रकरणात सांगितलं. एकट्या उत्तराने गुन्हा सिद्ध होत नसला तरी पुराव्याच्या साखळीतली एखादी कडी त्यातून तयार होत असेल, तर तेही उत्तर या संरक्षणात येतं.

आता आपल्या भंगारवाल्याचे प्रश्न बघू.

"नाव काय, दुकान कधीपासून, कामाला कोण?" ही उत्तरं सरळ द्यायची. यात अडकण्यासारखं काही नाही आणि इथे गप्प बसलात तर विनाकारण वातावरण बिघडतं.

"या भागातून तारा चोरीला जातात हे ऐकलं होतं का?" प्रश्न गप्पांमधला वाटतो, पण धारदार आहे. चोरीचा माल घेणं हा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, माल चोरीचा आहे हे माहीत असण्यावर किंवा तसं मानायला कारण असण्यावर उभा राहतो. "हो, सगळ्या गावाला माहीत होतं" असं म्हटलं की त्या गुन्ह्याचा निम्मा भाग तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितला. इथे थांबायचं.

"त्या तारखेला तार कोणी आणून दिली?" हा सगळ्यात अवघड प्रश्न. उत्तर दिलं तर माल तुमच्याकडे आला हे मान्य होतं. पण वहीत नोंद असेल, पोरांच्या ओळखीचा पुरावा असेल, पैसे ऑनलाइन दिले असतील, तर हेच उत्तर तुम्हाला खरा साक्षीदार म्हणून सोडवतं. आमच्या उदाहरणात नोंद नाही आणि पावतीही नाही. म्हणून इथे थांबायचं, असं मी सांगेन. दुसरा एखादा वकील वेगळं सांगू शकेल, कारण हे कागदांवर अवलंबून आहे. म्हणूनच हे आदल्या दिवशी ठरवायचं असतं.

"बाजारात ७०० चा भाव असताना तुला ४५० ने कशी मिळाली?" इथे तर नक्कीच थांबायचं. या प्रश्नाचं कोणतंही घाईतलं उत्तर, "पोरांना गरज होती", "मी विचारलं नाही", तुमच्या मनात काय होतं याचा पुरावा म्हणून वाचलं जातं.

नेहमीची चूक: हे संरक्षण फक्त स्वतःसाठी आहे. भाऊ, मेहुणा, शालक अडकेल म्हणून गप्प राहण्याचा हक्क त्यात येत नाही. मोटारसायकल कोण चालवत होतं, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला अडकवत नसेल आणि फक्त भावाला अडकवत असेल, तर साक्षीदार म्हणून ते खरं सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. अधिकार असलेल्या अंमलदाराला उत्तर द्यायला नकार देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत भावाला वाचवायला गेलेला माणूसच आधी अडकला.

दुसरी चूक: गप्प राहता येतं, म्हणून खोटं सांगितलं तरी चालेल असं समजणं. खोट्याला कोणतंही संरक्षण नाही. "मी त्या दिवशी नाशिकला होतो" असं सांगितलं आणि फोनचं लोकेशन शिरपूरचं निघालं, तर तो खोटेपणाच तुमच्या विरोधातली एक परिस्थिती म्हणून उभा राहतो. न दिलेल्या उत्तराच्या बाबतीत असं होत नाही.

## टप्पा ३: हजर व्हा आणि वेळेची नोंद ठेवा

ठरलेल्या वेळेआधी दहा मिनिटं पोहोचा. ठाणे अंमलदाराला नोटीस दाखवा आणि आपण आल्याची नोंद स्टेशन डायरीत घ्यायला सांगा. गावातल्या कुणालातरी सोबत घेऊन जा आणि तो बाहेर थांबेल असं बघा. आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ त्याने लिहून ठेवावी. पुढे कधी "आमचा माणूस दोन दिवस बसवून ठेवला" असं कोर्टाला सांगायची वेळ आली, तर ही वही आणि ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज, या दोनच गोष्टी कामाला येतात. असं काही घडलं तर फुटेज राखून ठेवा असा अर्ज त्याच आठवड्यात द्या.

वकिलाबद्दल बरेच जण चुकीची अपेक्षा ठेवतात. अटक झाल्यावर चौकशी सुरू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, पण पूर्ण वेळ तो शेजारी बसेल असं त्यात नाही. अटक झालेली नसताना वकिलाला आत बसू द्या अशी लेखी विनंती करावी. नंदिनी सत्पथी प्रकरणात न्यायालयाने वकिलाच्या उपस्थितीच्या बाजूने स्पष्ट मत दिलं आहे. ती नाकारली तर वाद घालू नका. वकील बाहेर थांबला आहे आणि मध्ये सल्ला घ्यायचा आहे, एवढं शांतपणे सांगा.

## टप्पा ४: थांबायचं वाक्य आधीच पाठ करा

पूर्ण गप्प बसणं आणि आपला हक्क सांगून थांबणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काही न बोलता जमिनीकडे बघत बसलात तर समोरचा अधिकारी ते उद्धटपणा समजतो, आणि कागदावर "चौकशीस सहकार्य करत नाही" असं येतं. त्यापेक्षा प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला हे वाक्य म्हणा:

"साहेब, मी हजर आहे आणि बाकी प्रश्नांना उत्तर देतो. या प्रश्नाच्या उत्तराने माझ्यावर आरोप येऊ शकतो, म्हणून अनुच्छेद २०(३) प्रमाणे मी हे उत्तर देत नाही. तसं जबाबात लिहून घ्या."

घरी तीन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघा. हे वाक्य अहिराणीत म्हटलं तरी चालतं, पण त्यातले तीन भाग सुटता कामा नयेत: मी हजर आहे, हे उत्तर मला अडकवू शकतं, ते तसं लिहून घ्या.

सावधान: "माले माहीत नही, साहेब" हे थांबायचं वाक्य नाही. तुम्हाला माहीत असेल तर ते खोटं उत्तर आहे. आपल्याकडे ते सवयीने तोंडात येतं आणि पुढे तेच महागात पडतं.

प्रश्नांचा रोख बदलला हे ओळखायचं कसं? "त्यांनी काय केलं" च्या जागी "तू काय केलंस" सुरू झालं, तुमचा फोन मागितला, बँकेचा उतारा मागितला, दुसऱ्या संशयिताला समोर आणून बसवलं, किंवा "खरं सांग, तुला साक्षीदार करतो" असं म्हटलं गेलं, की तुम्ही आता नोटिशीवर काहीही लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात संशयित आहात. त्या क्षणी सांगा, "मला कलम १७९ प्रमाणे बोलावलं आहे. माझ्यावर संशय असेल तर कलम ३५ ची नोटीस द्या. मला वकिलाशी बोलायचं आहे." त्यानंतर वकिलाशी बोलणं होईपर्यंत घटनेबद्दल एक शब्दही नको.

"कबूल कर, सोडून देतो" हे आमिष कायद्याने निषिद्ध आहे. आश्वासन, धमकी किंवा दबाव देऊन जबाब काढता येत नाही. आणि "सोडतो" असं म्हणणाऱ्या अंमलदाराच्या हातात ते नसतंही. माफीचा साक्षीदार करण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो.

## टप्पा ५: चहाच्या गप्पा आणि "माल दाखव"

अनुच्छेद २०(३) सक्तीविरुद्ध संरक्षण देतो. स्वतःहून बोललात तर ते संरक्षण गळून पडतं. लेखी जबाब संपला, अंमलदाराने पेन ठेवलं, चहा आला, आणि "अरे तसं नाही साहेब, खरं सांगू का" असं सुरू झालं, की नेमका घोटाळा होतो. जबाब संपला म्हणजे बोलणंही संपलं, असं समजा.

आता एक गोष्ट सावकाश वाचा. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं, आणि म्हणूनच ते बेफिकीरपणे बोलतात. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे. ताब्यात असलेल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग कोर्टात पुरावा म्हणून येतो.

आपला भंगारवाला म्हणाला, "तार चोरीची आहे हे कळत होतं, पण मी घेतली आणि शेडमागे पत्र्याखाली ठेवली." दोन पंच बोलावले जातात, निवेदन पंचनामा होतो, सगळे शेडमागे जातात, पत्रा उचलला जातो आणि तार निघते. वाक्यातला "चोरीची आहे हे कळत होतं" हा भाग कोर्टात येणार नाही. "शेडमागे पत्र्याखाली ठेवली" हा भाग येईल. आणि तेवढ्यानेच माल कुठे आहे हे तुम्हालाच माहीत होतं, हे सिद्ध होतं. औपचारिक अटक झालेली नसली तरी पोलिसांच्या ताब्यात असणं यासाठी पुरेसं ठरू शकतं.

म्हणून अनुभवाने सांगतो, चौकशीतला सगळ्यात धोक्याचा प्रश्न "तू केलंस का?" हा नाही. तो आहे "माल कुठे आहे?" पहिल्या प्रश्नाच्या कबुलीला कायदा अडवतो, दुसऱ्याच्या उत्तराला अडवत नाही.

भुसावळकरांसाठी वेगळी सूचना: माल रेल्वेचा असेल आणि चौकशी रेल्वे सुरक्षा दल रेल्वे मालमत्तेच्या १९६६ च्या कायद्याखाली करत असेल, तर पोलिसांपुढच्या कबुलीचं संरक्षणही गृहीत धरू नका. त्या चौकशीतला अधिकारी साक्ष कायद्याच्या अर्थाने पोलीस अधिकारी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवलं आहे. त्याच्यापुढचा जबाब तुमच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो. समोरची व्यक्ती कोणत्या खात्याची आहे, हे बसायच्या आधी विचारा.

गावातही तोंड आवरा. पारावर, व्हॉट्सअपवर किंवा फिर्यादीच्या घरी तडजोडीला गेल्यावर "चूक झाली" असं म्हटलेलं पोलिसांपुढचं नसतं. ज्याने ते ऐकलं तो साक्षीला येऊ शकतो.

## टप्पा ६: जबाब वाचून घ्या, सही करू नका

पोलिसांनी कलम १८० खाली लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते. कलम १८१ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. "सही केल्याशिवाय जाता येणार नाही" असं म्हटलं तर कलमाचा आकडा सांगा. कोऱ्या कागदावर तर कधीच सही नको. नोटिशीची पोच आणि अटक झाल्यास अटकेचे कागद यांवरची सही वेगळी. ती करताना वर काय छापलं आहे ते वाचा आणि तारीख-वेळ लिहा.

सही नसली तरी जबाब वाचून दाखवा असं सांगा. खानदेशात हे फार महत्त्वाचं आहे. माणूस अहिराणीत, तावडीत किंवा सातपुड्याच्या पट्ट्यात पावरीत बोलतो आणि अंमलदार पुस्तकी मराठीत लिहितो. मधे अर्थ सरकतो. "घेतला" याचा अर्थ विकत घेतला असाही होतो आणि उचलला असाही. "माल आमच्याकडे पडून होता" याचं "माल लपवून ठेवला होता" झालेलं मी कागदावर पाहिलं आहे. त्यात कुणाचा वाईट हेतूच असतो असं नाही, पण खटल्यात साक्षीदार जे बोलला त्याच्याशी हाच कागद ताडला जातो. चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा. ऐकलं नाही तर दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

तपासून घ्या: तुम्ही ज्या प्रश्नांना थांबलात, तिथे "उत्तर देण्यास अनुच्छेद २०(३) प्रमाणे नकार" असं आलं आहे का, की तो प्रश्नच गाळला गेला?

## टप्पा ७: बोलण्यापुरतं काय आणि शरीरापुरतं काय

या हक्काच्या नावाखाली सगळ्यालाच नाही म्हणणं, ही उलटी चूक आहे. बोटांचे ठसे, हस्ताक्षर आणि सहीचे नमुने देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं ११ न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये सांगितलं. आवाजाच्या नमुन्याबाबत तोच निर्णय २०१९ मध्ये आला. न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश असेल तर हे नमुने द्यावेच लागतात. त्याला विरोध करून काहीच मिळत नाही.

नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग यांचं तसं नाही. २०१० च्या सेल्वी निकालाप्रमाणे या चाचण्या तुमच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. ही संमती वकिलाशी बोलून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर द्यायची असते. "माझं मन साफ आहे, करा चाचणी" असं रागात म्हणू नका.

मोबाइलचा पासवर्ड या दोन्हींच्या मधे अडकलेला आहे. इथे स्वतःचा निर्णय घेऊ नका. मागणी लेखी द्या म्हणा आणि वकिलाला विचारून उत्तर द्या. फोनमधलं काहीही पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

## टप्पा ८: गप्प राहिलात त्याचा पुढे काय अर्थ लागतो

आरोपी म्हणून पोलिसांपुढे थांबलात, तर त्या मौनावरून "म्हणजे यानेच केलं" असं कोर्टाला म्हणता येत नाही. पुढे खटल्यात तुम्ही स्वतः साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं राहिला नाहीत, तरी त्यावर कुणी टिप्पणी करू नये, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५३ मध्येच लिहिलं आहे. अटकपूर्व जामिनाच्या वेळी "आरोपी सहकार्य करत नाही, कबूलच करत नाही" असा मुद्दा सरकारतर्फे येतो. कबुली दिली नाही म्हणजे असहकार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच संतोष प्रकरणात सांगितलं. पण हजरच झाला नाहीत तर तो असहकार आहे, आणि तिथे हा निकाल मदतीला येत नाही.

मौनाची मर्यादा दुसरीकडे आहे, आणि भंगारवाल्याच्या बाबतीत तीच निर्णायक ठरते. चोरीनंतर थोड्याच काळात चोरीचा माल ज्याच्या ताब्यात सापडला, तो एकतर चोर किंवा माहीत असून माल घेणारा, असं कोर्टाला गृहीत धरता येतं. माल आपल्याकडे कसा आला याचा खुलासा त्याने दिला तर ते गृहीतक टिकत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये हेच उदाहरण दिलं आहे. म्हणजे पोलिसांपुढचं मौन पुरावा होत नाही, पण माल सापडल्यावर शेवटपर्यंत गप्प राहिलात तर ते गृहीतक तुमच्यावर बसतं. ठाण्यात उत्तर टाळायचं ते योग्य ठिकाणी, योग्य कागदांसह उत्तर देता यावं म्हणून.

त्यामुळे ठाण्यातून आल्यावर त्याच रात्री त्या तरुणाने एवढं करायचं. विचारलेले प्रश्न आठवतील त्या क्रमाने लिहून काढायचे, कुठे थांबलो तेही लिहायचं आणि ती वही वकिलाकडे द्यायची. दुकानाची खरेदी वही आहे तशी ठेवायची, मागच्या तारखेची नोंद आता घुसवायची नाही. एकच खोटी नोंद पकडली गेली की बाकी सगळ्या खऱ्या नोंदी वाया जातात. त्या दिवशी दुकानात कोण होतं, पैसे रोख दिले की फोनवरून, समोरच्या पेट्रोल पंपाचा कॅमेरा रस्त्याकडे आहे का, हे वकिलाला सांगायचं, म्हणजे ते मिळवण्याचा अर्ज वेळेत देता येईल. जुन्या खरेदीच्या पावत्यांवरून इतरही वेळा साठ-सत्तर टक्के भावाने माल घेतल्याचं दिसत असेल, तर ४५० च्या भावाला तोच सगळ्यात चांगला खुलासा आहे. तो त्याच्या तोंडून ठाण्यात घाबरत येण्यापेक्षा कागदांसह कोर्टात यावा.

## टप्पा ९: अटक झालीच तर

अटकेची कारणं लेखी मागा. कुणाला कळवायचं त्याचं नाव आणि नंबर सांगा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. तिथे न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" बहुतेक जण घाबरून नाही म्हणतात. मारहाण किंवा दमदाटी झाली असेल तर तिथेच सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा. त्या दिवशी "नाही" असं नोंदलं गेलं, तर पुढे सक्तीने बोलायला लावलं हे दाखवणं फार कठीण होतं.

कधी कधी पोलीस कबुलीजबाबासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे नेतात. हा जबाब मात्र पुरावा होतो, त्यावर सहीही घेतली जाते. म्हणून न्यायाधीशांना आधी समजावून सांगावं लागतं की कबुली देणं बंधनकारक नाही आणि दिली तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. त्यांनी हे विचारलं की विचार करून उत्तर द्या. "मला कबुली द्यायची नाही" असं म्हटलं, तर त्या कारणावरून न्यायाधीश तुम्हाला परत पोलीस कोठडीत पाठवू शकत नाहीत, कलम १८३(३). पोलिसांच्या ताब्यात परत जावं लागेल या भीतीने कबुली देणाऱ्यांना हे एक वाक्य कुणी आधी सांगितलेलं नसतं.